जात्याचा खुंटा आणि भैरूची मूठ

भोसरीत त्या काळी माणसाची पत त्याच्या मानेवरून ठरायची. मान जाड, कान मोडलेले, म्हणजे पैलवान. त्याला दूध उधार मिळायचं आणि मुलगीही लवकर मिळायची. भैरू गव्हाण्याची मान बारीक होती आणि कान शाबूत होते. त्यामुळे लाठीत त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नसूनही गावाने त्याला कधी फारसं मोजलं नाही. पुढे तो मराठा पलटणीत भरती झाला, लढाई पाहून आला, आणि लढाई संपल्यावर सरकारने त्याला जपानला पाठवलं. हरलेल्या देशावर पहारा करायला भोसरीचा माणूस गेला होता, ही गोष्ट गावाने चार दिवस चघळली आणि सोडून दिली. परत आल्यावर तो देहूरोडच्या डेपोत दरवान झाला. सायकलवर जायचा, सायकलवर यायचा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

पण त्याच्या घरी आढ्याला गोणपाटात गुंडाळलेलं एक बोचकं टांगलेलं असे. त्यात काय आहे हे बायकोला, सावित्रीबाईला, ठाऊक होतं, आणि थोरल्या विधवा बहिणीलाही, विमलाक्काला. बाकी गावाला नेमकं नाही. ते बोचकं म्हणजे भैरूचा जीव होता आणि त्याचा घोरही.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर भैरूच्या पलटणीची छावणी होती. कुंपणाला लागून एका पडवीत एक म्हातारा राहायचा. छावणीतले जवान त्याला शिंजोबाबा म्हणायचे. तो खुद्द जपानचा नव्हे, पार दक्षिणेकडच्या ओकिनावा नावाच्या बेटावरचा. लढाईच्या आधी कामासाठी इकडे आला आणि इकडेच अडकला. मागे त्याचं बेट भाजून निघालं. घरचं कुणी उरलं नव्हतं, आणि ज्यांना त्याने विद्या दिली ते शिष्यही उरले नव्हते. तो दिवसभर दगडी घरटावर, म्हणजे मोठ्या जात्यावर, सोयाबीन दळायचा आणि त्याचं पांढरं पनीरासारखं काहीतरी करून विकायचा.

एका सकाळी भैरू पहाऱ्यावरून सुटून, कुणी पाहत नाहीसं बघून, मोकळ्या जागेत लाठी फिरवत होता. हाताची सवय जाऊ नये म्हणून. म्हातारा दळायचं थांबवून बघत बसला. मग उठून आला, भैरूच्या पायांची ठेवण निरखली, खाली बसून त्याच्या टाचेला बोट लावलं आणि ती अंमळ बाहेर सरकवली. भैरूने लाठी फिरवली आणि त्याच्या अंगावर काटा आला, कारण तो हात इतका हलका त्याचा त्यालाच कधी लागला नव्हता. तिथून त्यांची गाठ पडली. भाषा कळायची नाही. छावणीतला दुभाषा कधीमधी येऊन बसायचा, तो सांगेल तेवढं कळायचं. बाकी सगळं हातांनी.

म्हाताऱ्याने आधी दाखवला नुनचाकू. दोन आखूड काठ्या, प्रत्येकीला आठ कडा, आणि वरच्या टोकांतून ओवून दोघींना जोडणारी घोड्याच्या केसांची दोरी. काठीची लांबी तळहाताच्या मध्यापासून कोपरापर्यंत. दोरीचं माप त्याहून सोपं: तळवा उताणा धरून दोरी त्यावर टाकायची, काठ्या तळव्याच्या दोन्ही कडांना सरळ लोंबल्या की माप बरोबर. भैरूला वाटलं, हे गरगर फिरवायचं खेळणं आहे. त्याने फिरवलं आणि स्वतःच्याच कपाळावर टेंगूळ आणलं. म्हातारा पोट धरून हसला. मग त्याने समजावलं. लांबचा मार द्यायचा तर काठी दोरीपासून दूर, खालच्या टोकाकडे धरायची. जवळ ओढून आवरायचं तर दोरीच्या लगत. आणि खरी करामत फिरवण्यात नाहीच. समोरच्याची काठी किंवा मनगट दोरीच्या बेचक्यात घ्यायचं आणि दोन्ही काठ्या सुपारीच्या अडकित्त्यासारख्या मिटायच्या. त्याने भैरूचं मनगट तसं धरलं तेव्हा पलटणीतला हा गडी गुडघ्यावर आला.

हे आलं कुठून, असं भैरूने दुभाष्याकरवी विचारलं. म्हातारा म्हणाला, आमचे जुने लोक सांगतात की भात झोडायच्या काठीपासून झालं. काही सांगतात घोड्याच्या तोंडातल्या लगामाच्या लाकडापासून. लिहून कुणी ठेवलेलं नाही, म्हणून मी शपथ घेणार नाही. भैरूला त्याचं हे बोलणं फार आवडलं. आमच्याकडचे कैक वस्ताद आपली विद्या थेट रामायणापर्यंत नेऊन भिडवतात आणि वर डोळेही वटारतात.

मग साई. लोखंडाची, मधला दांडा गोल आणि बोथट, मुठीच्या वर दोन्ही बाजूंना वळलेले दोन पंख. भैरूने ती पाहिली आणि हात जोडले. म्हाताऱ्याला नवल वाटलं. तेव्हा भैरूने वाळूत बोटाने त्रिशूळ काढला, शेजारी महादेवाची पिंड काढली. म्हातारा कितीतरी वेळ त्या रेघांकडे बघत राहिला. तो म्हणाला, शेतात बी टोकायचं अवजार होतं असं काही जण म्हणतात, पण आमच्या बेटावर लोखंड सोन्याच्या भावाचं, ते मातीत खुपसायला कोण देईल? आमच्याकडे ही शिपायांच्या हातात असायची, चोर धरायला. आणि ती समुद्रापलीकडून आली असं मी ऐकलंय. कदाचित तुझ्याच देशाकडून निघाली असेल, कोण जाणे. भैरूला त्या दिवशी जेवण गेलं नाही. जगाच्या त्या टोकाला, भाजलेल्या बेटावरचा एक म्हातारा आपल्या महादेवाच्या हातातलं काहीतरी हातात घेऊन उभा आहे, या विचाराने तो पार भारावून गेला होता.

शेवटी टोन्फा. त्यासाठी म्हाताऱ्याने कुठे पेटी उघडली नाही. घरटापाशी बसला आणि वरच्या दगडाच्या कुशीत आडवं खोचलेलं लाकूड उपसून काढलं. हातभर दांडा, आणि त्याच्या एका टोकाजवळ काटकोनात उभी मूठ. दळताना ती उभी मूठ धरून दगड फिरवायचा. उपसून घेतलं की तेच हत्यार. मूठ पकडायची, लांब दांडा बाहूच्या खालून कोपरापर्यंत, कोपराच्या किंचित पुढे, आणि आखूड टोक मुठीच्या पुढे. वार आला तर हाताच्या हाडाऐवजी लाकडावर. आखूड टोकाने पुढे ठोसा. आणि मग मनगटाचा झटका, की लांब दांडा मुठीभोवती फिरून पुढे जातो, बसतो आणि परत कोपराला येऊन चिकटतो. म्हाताऱ्याने तो फिरवला तेव्हा भैरूला फक्त आवाज ऐकू आला. लाकूड दिसलंच नाही.

पण शिकवायच्या आधी म्हाताऱ्याने एक केलं. लाकूड परत दगडात खोचलं आणि भैरूला खूण केली: बस, दळ. भैरू हसला. मराठा पलटणीचा जवान, दळायला बसतो? ते बायकांचं काम. त्याने मान हलवली. म्हाताऱ्याने पुन्हा खूण केली, भैरूने पुन्हा मान हलवली. मग म्हाताऱ्याने लाकूड उपसून त्याच्या हातात दिलं. थोड्याच दिवसांत पलटण परत निघाली. निरोपाच्या वेळी दुभाष्याने म्हाताऱ्याचं बोलणं सांगितलं: तिन्ही एका घरातली आहेत. एक मागे टाकून दोन नेऊ नकोस. मी म्हातारा झालोय, माझ्यामागे हे तुझ्याकडेच आहे.

नुनचाकू आणि साई भैरूच्या हातात बसल्या होत्या. टोन्फा बसला नव्हता. आणि भैरू तसाच जहाजात बसून निघून आला.

भोसरीत आल्यावर त्याने तिन्ही घडवून घेतली. साईसाठी तो चाकणला नवाब लोहाराकडे गेला. नवाब हाताचा कसबी, पण लोहाराची खोड कुठे जाते? त्याने साई अशी झकास बनवली की दोन्ही पंखांना आणि दांड्याला वस्तऱ्यासारखी धार.

"देखो भैरूभाऊ, बकरं कापाल एका घावात," नवाब अभिमानाने म्हणाला.

"अरं बाबा, धार कशापायी लावलीस? ही बोथट पायजे. हातात उलटी धरायची असती ही."

त्याने धरून दाखवली. दांडा बाहूला टेकलेला, अंगठा पंख आणि दांडा यांच्या कोनात, आणि पहिलं बोट मुठीवरून सरळ तिच्या टोकाच्या गोळ्याकडे. मग अंगठ्याने रेटा दिला, साई कोनावर फिरली, मूठ तळव्यात आली आणि दांडा पुढे झाला. धार असती तर पहिल्याच फिरवण्याला त्याचा स्वतःचा बाहू सोलून निघाला असता. नवाबने तोंडात बोट घातलं आणि मग हळहळत कानशीने सगळी धार मारून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा केलेली धार मोडतोय, असं म्हणत होता बिचारा.

टोन्फा त्याने बाभळीचा केला, दोन. आणि तिथे घोडं अडलं ते अडलंच. दहा-अकरा वर्षं हा माणूस सुट्टीच्या दिवशी परसात तो दांडा फिरवत होता. घट्ट धरला तर दांडा अर्ध्यातच अडायचा आणि सगळा हातच त्याच्याबरोबर वेडावाकडा जायचा. सैल सोडला तर कोपराच्या हाडावर असा बसायचा की डोळ्यांपुढे तारे. एकदा हातातून निसटून सावित्रीबाईच्या ताकाच्या डेऱ्यावर गेला. त्याचं काय झालं ते इथे लिहीत नाही. त्याने पैलवानांना हळूच विचारून पाहिलं, पटा खेळणाऱ्यांना विचारलं, डेपोतल्या एका गुरख्याला विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं: मूठ पक्की कर. त्याने मूठ पक्की केली, म्हणजे आणखी बिघडलं.

रात्री अंथरुणावर पडलं की त्याला म्हातारा दिसायचा. आता तो असेल की नसेल? नसेल तर त्याच्या घरातली तिसरी गोष्ट जगात माझ्याकडेच आहे, आणि माझ्याकडे ती नाहीच. दोन दाखवून मोठेपणा मिळवावा असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही, पण त्याने म्हाताऱ्याचा शब्द मोडला नाही. बोचकं आढ्यालाच राहिलं.

त्या वर्षी पिंपरीला औषधाचा सरकारी कारखाना चांगला चालू लागला होता आणि तालमीतली पोरं एकेक करून कामाला लागत होती. तालमीचे वस्ताद उद्धवराव सत्तरीला आले होते. नवरात्र बसलं त्या दिवशी त्यांनी भैरूला बोलावून घेतलं.

"भैरू, तू जपानवरनं कायतरी आणलंयस म्हणं. किती वरीस दाबून ठेवणार? औंदाच्या खंडेनवमीला पाटावर मांड. पुढल्या साली माज्या हातनं पाट मांडायचा हाय का न्हाई, कुणाला ठावं?"

आता त्या तालमीची रीत सांगायला हवी. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं आणि अवजारं दोन्ही पुजतात. नांगराच्या शेजारी तलवार मांडलेली असते आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण या तालमीत मुकं हत्यार पाटावर बसत नसे. आणणाऱ्याने ते आधी खेळून दाखवायचं. मग आपल्या वस्तादाचं नाव मोठ्याने घ्यायचं. वस्ताद हजर असेल तर त्याने ते आपल्या हाताने पाटावर ठेवायचं, नसेल तर शिष्याने त्याच्या नावाने ठेवायचं, आणि शेवटी शिष्याने वस्तादाच्या कपाळाला गुलाल लावायचा. जे खेळता येत नाही ते तालमीबाहेर गेलं म्हणून समजायचं, परत त्याचं नाव काढायचं नाही.

भैरू हो म्हणून आला आणि घरी येऊन डोकं धरून बसला. नऊ दिवसांत कसा येणार हात, जो दहा वर्षांत आला नाही?

दुसऱ्या दिवशी त्याने सकाळीच परसात सुरुवात केली. पडवीत विमलाक्का दसऱ्यासाठी हरभऱ्याची डाळ भरडत होती. गावात इंजनाची गिरणी आल्यापासून पीठ तिकडेच व्हायचं, पण डाळ भरडायला जातंच लागायचं. नवरा गेल्यापासून विमलाक्काने लोकांची दळणं दळून आपली पोटची पोरगी वाढवली होती आणि उजवली होती. गिरणी आली तसं तिचं काम गेलं. तेव्हापासून ती भैरूकडेच होती. कमी बोलायची, पण बोलली की नेमकं बोलायची.

भैरूने फिरवला आणि दांडा कोपरावर बसला. त्याने एक ठेवणीतली शिवी दिली. जात्याची घरघर थांबली.

"भैरू, खुंट्याला शिव्या देऊ ने."

"कसला खुंटा?"

"हातात हाय तो. जात्याचाच की. आडवा केलाय कुणी येड्यानं, पर खुंटाच हाय."

भैरू जागीच थिजला. त्याने स्वतः डोळ्यांनी तो घरटातून उपसलेला पाहिला होता. तो जात्याचा हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! पण आपल्या घरात जातं आहे, आणि ते फिरवणारं कुणी आहे, हे त्याच्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्याने अख्ख्या गावच्या मिशांना विचारलं होतं, आणि जात्यापाशी बसलेल्या बहिणीला विचारायचं राहिलं होतं.

"आक्का, हा फिरत न्हाई माझ्या हातात," तो म्हणाला.

"फिरंल कसा? नरडं धरल्यावानी आवळलायस. हिकडं ये. बस हितं."

तो घुटमळला. जपानातल्या त्या पडवीत एकदा घुटमळला होता तसाच. मग धोतर सावरून जात्यापाशी बसला. सावित्रीबाई चुलीपुढून डोकावली आणि तोंडाला पदर लावून आत गेली. आतून हसण्याचा आवाज आला. भैरूचे कान लाल झाले, पण तो उठला नाही.

त्याने खुंटा धरला आणि जोर लावला. जातं दोन फेरे फिरलं आणि त्याच्या तळव्याचं कातडं पिळवटून निघालं.

"बघ," विमलाक्का म्हणाली, "खुंटा मुठीत फिरला पायजे. मूठ खुंट्यासंगं गेली का कातडं सोलतंय. धरायचा, पर दाबायचा न्हाई. जोर खांद्यातनं येतोय, मूठ नुसती वाट दावती. आन करंगळी सोडायची न्हाई. बाकीची बोटं सैल झाली तरी करंगळी राखण करती."

भैरू त्या दिवशी डाळ भरडत राहिला. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि पुन्हा बसला. हातावर फोड आले, फुटले. शेजारच्या दुर्गाबाईने येऊन सावित्रीबाईला विचारलं, दादल्याला काय झालं गं, कुणी नजर लावली का? गावात बातमी पसरली की भैरू दरवान बायकांसारखा दळायला बसतो. भैरूने कान बंद केले. आणि एका सकाळी त्याला कळलं की आपण दळतोय आणि मूठ आहे तिथेच आहे, खुंटा तिच्यात गुळगुळीत फिरतोय, जसा तेल घातलेला चाकाचा आस. तो तसाच उठला, परसात गेला, टोन्फा उचलला. मूठ सैल, करंगळी राखणीला. मनगटाचा झटका. दांडा सर्रकन पुढे गेला. पोचला त्या क्षणी त्याने मूठ आवळली, हवेत जणू भिंतीवर बसल्यासारखा दांडा थांबला, पुन्हा मूठ सैल झाली आणि तो परत येऊन बाहूला हळूच चिकटला. कोपराला न लागता.

तो मटकन खाली बसला. विमलाक्का धावत आली.

"लागलं व्हय?"

"न्हाई आक्का. लागलं न्हाई," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. दहा वर्षं गमावलेला माणूस भेटावा तसं त्याला झालं होतं.

तिने तो दांडा त्याच्या हातातून घेतला. उलटसुलट बघितला, मुठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हितं अजून घासून घे. खरखरीत हाय." मग सहज, पाणी ओतावं इतकं सहज, तिने तो बाहूला लावला आणि फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. भैरूला लाकूड दिसलं नाही, फक्त आवाज ऐकू आला. त्याने तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि त्याच्या अंगावरचे केस उभे राहिले, कारण ते मनगट त्याने आधी पाहिलं होतं, समुद्रापलीकडे.

खंडेनवमीला तालमीचं अंगण सारवून काढलं होतं. मारुतीसमोर पाट, पाटावर पटे, भाले, लाठ्या, फावडी, सुतारांचे वाकस आणि पटाशा. पुरुष अंगणात, बायका बाहेर बुटक्या दगडी गडग्याच्या पलीकडे. अंगणात बायकांनी यायचं नाही, अशी पहिल्यापासूनची चाल. विमलाक्का सगळ्यांच्या मागे उभी होती. सणासुदीच्या ठिकाणी विधवेने पुढे येऊ नये हे कुणी तिला सांगावं लागत नव्हतं.

उद्धवरावांनी ज्योतीरामला लाठी घेऊन उभं केलं. ज्योतीराम पैलवान, अंगाने दांडगा आणि लाठीत तयार. भैरूने आधी नुनचाकू घेतला. गरगर फिरवण्याचा तमाशा केला नाही म्हणून पोरं जरा हिरमुसली. ज्योतीरामची लाठी आली, भैरू आत शिरला, दोरी लाठीवर पडली, काठ्या मिटल्या आणि लाठी ज्योतीरामच्या हातातून निघून जमिनीवर आली. हिरमुसलेली पोरं एकदम उठून उभी राहिली. मग साई, दोन्ही हातांत. डोक्यावर आलेली लाठी बाहूला लावलेल्या लोखंडावर खणकन बसली, दुसऱ्या हातातली साई फिरली, पंखाच्या बेचक्यात लाठी अडकली आणि मनगटाच्या एका पिळासरशी ज्योतीराम लाठीसकट वाकला. कुणीतरी "हर हर महादेव" ओरडलं. त्या त्रिशुळासारख्या पंखांकडे म्हातारी माणसं हात जोडून बघत होती.

मग भैरूने टोन्फा उचलले. ज्योतीराम आता चिडला होता. त्याने लाठी बाजूने घातली, मनापासून. लाकडावर लाकूड बसलं. भैरूचा बाहू जिथे मोडला असता तिथे बाभळीचा दांडा होता. भैरूने मूठ सैल केली. दांडा फिरला, ज्योतीरामच्या कानाशी जाऊन केसभर अंतरावर थांबला आणि परत कोपराला आला. ज्योतीराम हलला नाही. त्याने हळूच कानाला हात लावून पाहिला. मग अंगणात जो गलका उठला तो आवरायला उद्धवरावांना काठी आपटावी लागली.

"नाव घे वस्तादाचं," ते म्हणाले.

"नुनचाकू आन साईचे वस्ताद शिंजोबाबा," भैरू मोठ्याने म्हणाला. "ते न्हाईत हितं. त्यांच्या नावानं मी ठेवतो." त्याने ती पाटावर ठेवली, पुढच्या मातीला कपाळ लावलं. मग टोन्फा हातात घेऊन उभा राहिला. "ह्याचे वस्ताद शिंजोबाबा. त्यांनी दिला, पर मला घेता आला न्हाई. ज्यांनी हातात घातला ते वस्ताद हितं हजर हायत. विमलाक्का."

कुणी हसलं. मग कुणीच हसलं नाही. सगळ्या माना गडग्याकडे वळल्या. विमलाक्काने पदर पुढे ओढला आणि मागच्या मागे जायला निघाली.

बायकांनी आत न यायची चाल आणि वस्तादाची रीत, यांच्यात उद्धवराव अडकले होते. मग ते स्वतः काठी टेकत गडग्यापाशी गेले.

"विमल, थांब. वस्ताद हजर असला तर हत्यार वस्तादानं ठेवायचं. ही रीत माज्या आज्यानं घातलीया, मी कोण मोडणार? ये आत."

"मामा, माज्यासारख्या विधवेचा पाय..." ती एवढंच म्हणाली.

"ये," ते म्हणाले.

ती आत आली. भैरूने टोन्फा तिच्या हातांत दिले. ते तिच्या हातांत येताच मुठी आपोआप सैल झाल्या, हे अंगणातल्या प्रत्येक खेळाडूने पाहिलं आणि त्यातल्या जाणत्यांना ते कळलं. तिने वाकून ते पाटावर ठेवले, पट्याच्या आणि फावड्याच्या मधे. हात जोडले आणि वळली.

भैरू गुलालाची वाटी घेऊन तिच्यासमोर उभा होता. तिने झटकन मान मागे घेतली. तिच्या कपाळावर कितीक वर्षांत काही लागलं नव्हतं.

"भैरू, मला न्हाई लावत रं," ती कुजबुजली.

"वस्तादाला लावत्यात, आक्का," भैरू म्हणाला. त्याने अंगठा गुलालात बुडवला आणि तिच्या कपाळाला लावला, आणि तालमीच्या अंगणात सगळ्यांदेखत तिच्या पायांवर डोकं ठेवलं.